चाळीस रोपं की चार ट्रे?

शोधनिबंध पाठवल्यानंतर काही महिन्यांनी संपादकाचा ईमेल येतो. पहिल्या परिच्छेदात आभार, दुसऱ्यात निर्णय आणि खाली दोन-तीन रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांची लांबलचक यादी. निर्णय 'मेजर रिव्हिजन' असेल तर निबंध नाकारलेला नसतो आणि स्वीकारलेलाही नसतो. संशोधकाने सुधारित निबंध पाठवायचा आणि सोबत एक उत्तरपत्र जोडायचं. त्यात प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवायचा, त्याखाली आपलं उत्तर लिहायचं आणि निबंधात कुठल्या ओळीत काय बदललं ते सांगायचं. वाचकांपर्यंत छापील निबंध पोचतो, हे पत्र बहुतेक वेळा पोचत नाही. पण प्रयोग खरंच काय सांगतो याचा हिशोब याच पत्रात होतो.

भाषा, संदर्भ किंवा आलेखांबद्दलच्या शेऱ्यांना उत्तर देणं सोपं असतं. झोप उडते ती प्रयोगाच्या पद्धतीवर बोट ठेवणाऱ्या शेऱ्याने, कारण प्रयोग तर होऊन गेलेला असतो. असं एक उत्तरपत्र इथे सविस्तर पाहू. उदाहरण आणि आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यातला प्रत्येक आक्षेप कृषी संशोधनात नेहमी भेटणारा आहे.

समजा, एका कृषी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेने टोमॅटोच्या रोपवाटिकेत प्रयोग केला. प्रश्न साधा होता: बियाण्याला ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची प्रक्रिया केली तर रोपं जास्त वाढतात का? पॉलिहाउसमध्ये कोकोपीट भरलेले आठ प्रो-ट्रे ठेवले. चार ट्रेमध्ये प्रक्रिया केलेलं बियाणं, चारमध्ये साधं. अठ्ठाविसाव्या दिवशी प्रत्येक ट्रेमधून दहा रोपं निवडून त्यांची उंची मोजली, म्हणजे दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस रोपं. साध्या रोपांची सरासरी १३.१ सेंटिमीटर आली, प्रक्रिया केलेल्यांची १४.३५. फरक सव्वा सेंटिमीटरचा. संख्याशास्त्रीय चाचणीत पी-व्हॅल्यू ०.००२ च्या आसपास. म्हणजे प्रक्रियेचा काहीच परिणाम नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक हजारात दोनेक वेळाच दिसला असता. निबंध लिहिला आणि पाठवला.

दुसऱ्या रिव्ह्यूअरने पहिल्याच शेऱ्यात लिहिलं: तुमचे नमुने चाळीस नाहीत, चार आहेत.

असा शेरा वाचून पहिल्यांदा राग येतो. चाळीस रोपं मोजली, वहीत चाळीस आकडे आहेत, मग चार कुठून आले? पण रिव्ह्यूअरचं बरोबर आहे. एका ट्रेमधली सगळी रोपं एकाच कोकोपीटमध्ये, एकाच झारीच्या पाण्यावर, बाकावरच्या एकाच जागी वाढलेली असतात. कोपऱ्यातला ट्रे लवकर सुकला तर त्यातली दहाही रोपं एकदम मागे पडतात. निवडणुकीचा कल जाणून घ्यायला चार घरांत जाऊन प्रत्येक घरातल्या दहा जणांना विचारलं, तर हाती चाळीस माणसांचं मत आलं असं कुणी मानणार नाही. प्रक्रिया ट्रेला दिली, म्हणून मोजदादीचं एककही ट्रेच. एका ट्रेतली जास्त रोपं मोजून त्या ट्रेची सरासरी अधिक नेमकी कळते, पण ट्रेची संख्या वाढत नाही.

या चुकीला नाव दिलं स्टुअर्ट हर्लबर्ट या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञाने, १९८४ साली. त्याचा 'स्यूडोरेप्लिकेशन' हा शब्द आपण 'आभासी पुनरावृत्ती' असा घेऊ शकतो. त्याने परिसरविज्ञानातले १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले. ज्यांनी संख्याशास्त्रीय चाचण्या वापरून निष्कर्ष काढले होते, त्यांतल्या ४८ टक्के अभ्यासांत ही चूक सापडली. म्हणजे ती करणारे लोक काही अडाणी नव्हते, नावाजलेल्या नियतकालिकांत छापून येणारे संशोधक होते. "आमच्या क्षेत्रात सगळे असंच करतात, सोबतचे पाच निबंध पाहा" हे उत्तर त्यामुळे चालत नाही. सगळे करतात हे खरं असलं तरी आक्षेप जिथल्या तिथेच राहतो.

दुसरं एक उत्तर जास्त मोहात पाडतं. आजकाल 'मिक्स्ड मॉडेल' नावाची विश्लेषणाची पद्धत सर्रास वापरतात. तिच्यात रोप आणि ट्रे अशा दोन्ही पातळ्यांवरचा चढउतार एकत्र धरता येतो. पद्धत योग्यच आहे, या प्रयोगाला लावायलाही हरकत नाही. पण ती लावल्याने ट्रे वाढत नाहीत. मॉडेल नीट बसवलं तर उत्तर ट्रेच्या सरासऱ्यांवरून काढलेल्या उत्तराच्या जवळच येतं. भारदस्त नावाआड जुनाच निष्कर्ष तगवण्याचा प्रयत्न मुरलेला रिव्ह्यूअर एका वाक्यात ओळखतो. तो फक्त विचारतो, मुक्ततेच्या पायऱ्या, म्हणजे 'डिग्रीज ऑफ फ्रीडम', किती धरल्या? उत्तर ७८ आलं, तर मॉडेलचं नाव काहीही असो, मोजलेली रोपंच आहेत. आठ ट्रेच्या या प्रयोगात ते उत्तर सहा यायला हवं.

मग आकडे पुन्हा मांडू. साध्या चार ट्रेच्या सरासऱ्या १२.१, १३.५, १२.६ आणि १४.२ सेंटिमीटर. प्रक्रियेच्या चार ट्रेच्या १४.४, १३.१, १५.१ आणि १४.८. फरक तोच, १.२५ सेंटिमीटर. पण आता प्रत्येक बाजूला चारच आकडे आहेत आणि ते आपसातही बरेच विखुरलेले आहेत. प्रक्रियेचा दुसरा ट्रे तर साध्या ट्रेपैकी दोघांपेक्षा खुजा निघाला. या आठ आकड्यांवर चाचणी केली की पी-व्हॅल्यू ०.१० च्या आसपास येते, आणि खऱ्या फरकासाठीचा ९५ टक्क्यांचा विश्वासांतराल उणे ०.३ ते अधिक २.८ सेंटिमीटर असा मिळतो. म्हणजे प्रक्रियेने रोपं पावणेतीन सेंटिमीटरने वाढत असतील, किंवा अजिबात वाढत नसतील, किंवा किंचित खुरटतही असतील. आठ ट्रे याहून नेमकं काही सांगू शकत नाहीत.

उत्तरपत्रात हे सरळ लिहावं लागतं. माझ्या मते ते असं असावं:

"शेरा १ चे उत्तर. आक्षेप बरोबर आहे. प्रक्रिया ट्रेवार दिली होती, त्यामुळे प्रयोगाचे एकक ट्रे आहे आणि प्रत्येक गटात चारच एकके आहेत. ट्रेच्या सरासऱ्यांवर विश्लेषण पुन्हा केले. फरक १.२५ सेंटिमीटर (९५ टक्के विश्वासांतराल -०.३ ते २.८) आला. आधीचा 'लक्षणीय वाढ' हा निष्कर्ष या प्रयोगातून काढता येत नाही, म्हणून तो सारांश, निष्कर्ष आणि तक्ता २ यांतून काढला आहे."

या उत्तरात 'रिव्ह्यूअरच्या अत्यंत मोलाच्या सूचनेबद्दल आम्ही ऋणी आहोत' असं काही नाही. आभार सुरुवातीला एकदा मानले की पुरे. संपादक बहुधा त्या विशिष्ट विषयातला नसतो. एका बैठकीत त्याला तीन गोष्टी समजून घ्यायच्या असतात: आक्षेप मान्य आहे का, काय केलं, निबंधात कुठे बदललं. कौतुकाच्या चार ओळींखाली नेमकं तेच दडून जातं.

पण पत्र इथे संपत नाही, कारण त्याच रिव्ह्यूअरचा दुसरा शेरा पहिल्यापेक्षा अवघड होता. त्याने विचारलं होतं, ट्रे पॉलिहाउसमध्ये कुठे ठेवले होते?

हे पॉलिहाउस फॅन-पॅड पद्धतीचं. एका भिंतीला ओलं पॅड असतं, समोरच्या भिंतीला पंखे. पंखे हवा ओढतात, ती पॅडमधून गार आणि दमट होऊन आत येते आणि पुढे सरकताना तापत जाते. पॅडजवळ आणि पंख्याजवळ काही अंशांचा फरक सहज पडतो. प्राध्यापिकेने सोयीसाठी प्रक्रियेचे चारही ट्रे पॅडच्या बाजूच्या बाकावर आणि साधे चारही पंख्याच्या बाजूला ठेवले होते. पाणी देताना गल्लत होऊ नये, हा हेतू चांगलाच होता. पण आता रोपं वाढली ती ट्रायकोडर्मामुळे की गारव्यामुळे, हे सांगायला कुठलाच मार्ग उरला नाही. चार ट्रेच्या जागी चाळीस ट्रे असते तरी हा दोष तसाच राहिला असता. पहिल्या आक्षेपाला निदान गणिताने उत्तर देता आलं. या दुसऱ्याला गणित नाही.

रोनाल्ड फिशर रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९१९ साली रुजू झाला. पुढच्या काही वर्षांत त्याने शेतातल्या प्रयोगांसाठी तीन आधार रूढ केले: पुनरावृत्ती, यादृच्छिक वाटप आणि गट पाडणं. कुठल्या ट्रेला कुठली जागा हे माणसाने ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. आणि जागेत ढाळ आहे हे आधीच माहीत असेल, तर जागेचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात दोन्ही प्रकार ठेवायचे. आपल्या कृषी विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे 'आरबीडी' या नावाने शिकवतात. शेतातल्या प्रयोगात सहसा कुणी ते चुकत नाही, कारण जमिनीचा चढउतार डोळ्यांना दिसतो. पॉलिहाउस आतून सगळीकडे सारखंच दिसतं, म्हणून तिथे विसर पडतो.

पद्धतीवरचा आक्षेप नवं मोजमाप करूनच कसा मिटवावा लागतो, याचा एक उत्तम दाखला एका मराठी संख्याशास्त्रज्ञाच्या कामात आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. लंडनहून शिकून आल्यावर ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पादनाचे अंदाज काढण्याच्या कामात होते. त्याच काळात बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस अगदी लहान तुकडे कापून उत्पादन मोजत होते, काही फूट त्रिज्येची वर्तुळं. लहान तुकडे स्वस्त पडतात आणि झटपट कापून होतात, म्हणून त्याच खर्चात जास्त शेतं गाठता येतात. सुखात्मे यांचा आक्षेप असा की लहान तुकड्याने उत्पादन फुगतं. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे झुकतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा. साधं गणित करून पाहा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात कड चहूबाजूंनी एक इंच बाहेर सरकली, तर क्षेत्र साडेआठ टक्क्यांनी वाढतं. पाच मीटर बाजूच्या चौरसात तेवढीच कड सरकली तर दोन टक्केच वाढतं.

सुखात्मे नुसत्या तर्कावर थांबले नाहीत. त्यांनी वेगवेगळ्या आकाराचे तुकडे कापून उत्पादनांची तुलना केली आणि १९४६ साली 'नेचर'च्या संपादकांना पत्ररूपाने निष्कर्ष कळवला. महालनोबिसांनी त्याच वर्षी 'नेचर'मध्येच उत्तर दिलं. सुखात्मे यांची मोजणी प्रामुख्याने महसूल आणि कृषी खात्याच्या माणसांकडून होत असे, महालनोबिसांची खास तयार केलेल्या पथकाकडून, आणि वादाचं एक मूळ तिथेच होतं: कड किती सरकते हे कापणारा हात कोणाचा यावरही अवलंबून. दोन्ही बाजूंनी बोलणं तुकड्यांबद्दल आणि आकड्यांबद्दल झालं, म्हणून त्यातून पुढच्यांना काहीतरी हाती लागलं. आज पीक विम्यासाठी गावोगाव होणाऱ्या पीक कापणी प्रयोगांत पाच बाय पाच किंवा दहा बाय पाच मीटरचे तुकडे असतात, ते मोठ्या तुकड्याच्या बाजूने.

तर प्राध्यापिकेपुढेही रस्ता तोच होता. टोमॅटोचं रोप चार आठवड्यांत तयार होतं आणि मेजर रिव्हिजनला साधारण दोन-तीन महिने मिळतात. ऊस किंवा आंब्यावर काम करणाऱ्याला अशी सोय नसते. त्याला मुदतवाढ मागून किंवा निष्कर्ष आखडता घेऊनच भागवावं लागतं. तिने आधी संपादकाला एक छोटा ईमेल लिहिला: आक्षेप २ ला नव्या प्रयोगाशिवाय उत्तर नाही, त्याचा आराखडा सोबत जोडला आहे, पंधरा आठवडे मिळतील का? हे आधी विचारणं फार महत्त्वाचं. बहुतेक संपादक मुदत देतात, आणि आराखड्यात काही खोट असेल तर ती प्रयोगाआधीच दाखवली जाते.

नवा आराखडा असा. पॅडपासून पंख्यापर्यंत आठ पट्टे. प्रत्येक पट्ट्यात दोन ट्रे, एक प्रक्रियेचा, एक साधा; कुठला डावीकडे हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं. ट्रायकोडर्माची भुकटी शंखजिऱ्याच्या पावडरीत मिसळलेली मिळते, म्हणून साध्या बियाण्यालाही तीच भुकटी निर्जंतुक करून, म्हणजे बुरशी मारून, चोळली. तसं केलं नाही तर फरक बुरशीचा की पावडरीचा, हा पुढचा शेरा ठरलेलाच होता. बियाणं एका पिशवीत एकदम न घोळता प्रत्येक ट्रेचं वेगळं घोळलं, नाहीतर एका घोळणीतली चूक आठही ट्रेना सारखीच लागली असती. पाणी देताना आधी साधे ट्रे, मग प्रक्रियेचे, म्हणजे झारीतून बुरशी इकडून तिकडे जाणार नाही.

तिसरा शेरा उंची कोणी मोजली याबद्दल होता. पहिल्या वेळी मोजणाऱ्या विद्यार्थ्याला कुठला ट्रे कसला हे माहीत होतं. रोपाची उंची शेंड्यापर्यंत मोजायची की पानाच्या टोकापर्यंत, वाकलेलं रोप सरळ करायचं की नाही, यात मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच आणि ते बहुधा अपेक्षेच्या दिशेने होतं. जुन्या मोजणीसाठी आता काही करता येत नव्हतं, तसं पत्रात लिहिलं. या वेळी ट्रेवर फक्त आकडी खुणा होत्या, कुठली खूण कसली याची यादी मोजणी संपेपर्यंत दुसऱ्या सहकाऱ्याच्या कपाटात होती, आणि ट्रेमधली कुठली दहा रोपं मोजायची तेही आधीच ठरवून ठेवलं होतं.

निकाल आला. पट्ट्यागणिक फरकाची सरासरी ०.९ सेंटिमीटर, विश्वासांतराल ०.२ ते १.६. पहिल्यापेक्षा फरक लहान, पण शून्य आता अंतरालाच्या बाहेर. आठ पट्टे पाडल्यामुळे पॅड-पंख्याचा ढाळ हिशोबातून वजा झाला, म्हणून अंतराल आखूड आलं. जुने आकडे नव्यांत मिसळून संख्या फुगवण्याचा मोह इथे होतो. तिने तसं केलं नाही, कारण जुन्यांतला जागेचा दोष मिसळल्याने जात नाही. जुना प्रयोग 'प्राथमिक चाचणी' म्हणून त्याच्या दोषांसकट पुरवणीत गेला.

सगळेच शेरे मान्य करायचे असतात असं नाही. पहिल्या रिव्ह्यूअरने जुन्या प्रयोगाची 'पॉवर' निकालावरून काढून द्यायला सांगितली होती, म्हणजे खरा फरक असता तर तो पकडण्याची त्या प्रयोगाची क्षमता किती होती. ही मागणी वरवर रास्त वाटते आणि अनेक संशोधक ती निमूटपणे पुरी करतात. पण हाती आलेल्या फरकावरूनच काढलेली पॉवर म्हणजे पी-व्हॅल्यूच दुसऱ्या रूपात मांडलेली असते, तिच्यातून नवं काहीच कळत नाही. होनिग आणि हायसी या दोघांनी २००१ साली हे गणिताने दाखवून दिलं आहे. उत्तर असं लिहिलं: "मिळालेल्या फरकावरून काढलेली पॉवर ही पी-व्हॅल्यूशी बांधलेली असते, त्यामुळे ती दिलेली नाही. प्रयोगाची अचूकता कळावी यासाठी दोन्ही प्रयोगांचे विश्वासांतराल तक्ता २ मध्ये दिले आहेत." नकार एका वाक्यात, कारण त्याच वाक्यात, आणि रिव्ह्यूअरला खरं जे हवं होतं ते पुढच्या वाक्यात. आधीचे कठीण शेरे मोकळेपणाने मान्य केलेले असले की असा नकार संपादकालाही पटतो.

शीर्षकही बदललं. आधी होतं 'ट्रायकोडर्मा बीजप्रक्रियेमुळे टोमॅटो रोपांची जोमदार वाढ व उत्पादनवाढीची शक्यता'. आता झालं 'फॅन-पॅड पॉलिहाउसमध्ये ट्रायकोडर्मा बीजप्रक्रियेचा टोमॅटो रोपांच्या अठ्ठाविसाव्या दिवसाच्या उंचीवर परिणाम'. उत्पादनाचा उल्लेख गेला, कारण शेतात एकही रोप लावलं नव्हतं. चर्चेच्या भागातलं एकरी नफ्याचं वाक्यही गेलं. एका वाणावर, एका हंगामात, एकाच पॉलिहाउसमध्ये हे पाहिलं आहे, हे सारांशातच आलं. ट्रेवार आकड्यांची फाइल निबंधासोबत जोडली, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला हिशोब स्वतः करून पाहता येईल.

नव्या प्रयोगात अंतराल शून्यावरून गेलं असतं तर? पत्र जवळपास तसंच राहिलं असतं. फक्त शेरा २ च्या उत्तरात लिहावं लागलं असतं की जागेचा दोष काढल्यावर परिणाम स्पष्ट दिसत नाही, आणि निबंध नकारात्मक निकाल म्हणून तपासायचा की मागे घ्यायचा, हे संपादकाने ठरवावं. काही नियतकालिकं असा निकाल छापतात, काही छापत नाहीत. आराखडा संपादकाने आधीच पाहिलेला असला तर छापला जाण्याची शक्यता वाढते, कारण प्रयोग निकाल पाहून रचलेला नाही हे त्याला माहीत असतं.